नावावरची कामे आणि हातातले तास

टीममधल्या एखाद्यावर कामाचा जास्त भार आहे, या म्हणण्याला मोजता येईल असा अर्थ एकच आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत त्याच्या नावावरची अपुरी कामे संपवायला जेवढे तास लागणार, तेवढे तास त्या तारखेपर्यंत त्याच्या हातात नसतात. म्हणजे हिशेबात दोनच आकडे आहेत: एक मागणीचा, दुसरा क्षमतेचा. मागणीचा आकडा बहुतेक ठिकाणी निदान ढोबळपणे माहीत असतो. क्षमतेचा आकडा मात्र कुणी काढलेलाच नसतो. हजेरीचे तास हेच कामाचे तास धरून वाटप होते आणि चूक तिथेच सुरू होते.

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या टीममध्ये हा हिशेब त्यातल्या त्यात सोपा जातो, कारण तिथे प्रत्येक कामाची नोंद होते. पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला पाहिले तर पद्धत साधारण सारखीच आढळते. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत आखलेले असते. या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक कामाचे एक टिकेट असते. टिकेटवर एका व्यक्तीचे नाव आणि किती तास लागतील याचा अंदाज असतो. काम पुढे सरकेल तसा उरलेल्या तासांचा आकडा कमी करत जायचा असतो. जिरा, ॲझ्यूर डेव्हऑप्स यांसारख्या प्रणालींमध्ये ही टिकेटे बोर्डवर मांडलेली दिसतात. तरीही भार कुणावर पडला आहे हे स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत कळते, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

उदाहरणासाठी पाच जणांची एक टीम घेऊ. आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत, पण त्यांची ठेवण नेहमी दिसणारी आहे. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दहा दिवस. त्यात गणेश चतुर्थीची एक सुट्टी आली, राहिले नऊ. दिवसाचे आठ तास धरले तर कागदावर प्रत्येकाकडे ७२ तास आहेत. या टीममध्ये बॅकएंड सांभाळणारी एक वरिष्ठ अभियंता आहे. तिच्या नावावर नऊ टिकेटे उघडी आहेत. सर्वांत नवख्या अभियंत्याच्या नावावर चौदा आहेत. बोर्डाकडे नुसते पाहिले तर दया नवख्याची येते.

आता वरिष्ठ अभियंत्याची क्षमता काढू. तिने गौरींसाठी एक दिवस रजा घेतली आहे, त्यामुळे आठ दिवस, ६४ तास उरले. रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्या उभ्या होणारी बैठक असते. आठ दिवसांचे दोन तास झाले. स्प्रिंटच्या आखणीला तीन तास, पुढच्या कामांची छाननी करायला दोन, शेवटी झालेले काम दाखवण्याला एक आणि आढाव्याला एक, असे आणखी सात तास. म्हणजे नेहमीच्या बैठकांमध्ये नऊ तास गेले, राहिले ५५. ग्राहक अमेरिकेत आहे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तासभराचा कॉल होतो आणि त्यात तिला बसावेच लागते. चार तास गेले, ५१ उरले.

इथपर्यंतची वजाबाकी कॅलेंडर उघडून कुणालाही करता येते. पुढची कॅलेंडरवर नसते. चालू प्रणालीत काही बिघडले की पहिला फोन तिला जातो. रोज सरासरी तासभर धरला तर आठ तास. इतरांनी लिहिलेला कोड तपासून देणे तिच्याकडे आहे, रोज पाऊण तास, म्हणजे सहा तास. नव्या उमेदवारांच्या दोन मुलाखती, अभिप्राय लिहिण्यासह तीन तास. कुणी चॅटवर विचारले, कुणी टेबलाशी येऊन विचारले, मेलला उत्तर द्यायचे आहे, यात रोज अर्धा तास, म्हणजे चार तास. ही २१ तासांची वजाबाकी झाली की हातात ३० तास राहतात. कागदावरच्या ७२ तासांपैकी नावावरच्या टिकेटांसाठी तिला मिळणारे तास एवढेच. ती हजर असलेल्या प्रत्येक दिवशी पावणेचार तास.

हा आकडा पाहून बहुतेक टीम लीडना धक्का बसतो आणि कुठेतरी जास्त कापले गेले असे वाटते. पण वरची एकही बाब काल्पनिक नसते, आणि यातले कुठलेच काम फुकट नसते. कोडची तपासणी आणि मुलाखती ही टीमचीच कामे आहेत. अडचण एवढीच की त्यांची टिकेटे निघत नाहीत. टिकेट नसलेल्या कामाला बोर्डवर जागा नाही, आणि माणूस जितका जाणता, तितका असल्या कामांचा त्याच्या दिवसातला वाटा मोठा. भार नेमका चांगल्या माणसावर साठतो याचे कारण इथे सापडते.

मागणीची बाजूही अशीच उलगडावी लागते, कारण नऊ टिकेटे हा आकडा काहीच सांगत नाही. तिच्याकडचे सर्वांत मोठे काम पैसे भरल्याची पोच बँकेकडून घेण्याचे आहे, त्याचे १४ तास उरले आहेत. दुसऱ्या प्रणालीशी बोलणाऱ्या जोडणीची आवृत्ती बदलायची आहे, १० तास. एक अहवाल हळू उघडतो, तो सुधारायला ६ तास. दोन बारीक बग, ३ आणि २ तास. एक टिकेट दुसऱ्याच्या तपासणीत आहे, परत आल्यावर तासभराचे काम निघेल. एक ग्राहकाच्या उत्तरासाठी अडले आहे, उत्तर आले की ५ तास. एक चाचणीसाठी गेले आहे आणि त्यावर उरलेले तास शून्य दाखवले आहेत. नववे टिकेट दस्तऐवज लिहिण्याचे आहे. ते दोन महिने तसेच पडून आहे आणि त्यावर अंदाजच नाही.

प्रणाली यांची बेरीज ४१ तास अशी करते. ती दोन ठिकाणी दुरुस्त करावी लागते. चाचणीसाठी गेलेले काम क्वचितच पहिल्या फेरीत सुटते, म्हणून तिथल्या शून्याच्या जागी २ तास धरणे शहाणपणाचे. दस्तऐवजाच्या टिकेटावर अंदाज नाही म्हणून प्रणाली ते शून्य तासांचे मानते. प्रत्यक्षात ते चारेक तासांचे काम आहे. मात्र ते या स्प्रिंटमध्ये कुणीच मागितलेले नाही, तेव्हा ते या हिशेबातून उघडपणे बाहेर काढायचे, विसरून नव्हे. अडलेले काम मात्र आत ठेवायचे, कारण ग्राहकाचे उत्तर कधीही येऊ शकते आणि आले की ते लगेच मागितले जाते. अशी खरी मागणी ४३ तासांची झाली. क्षमता ३० तासांची. भागाकार १.४३.

ॲझ्यूर डेव्हऑप्समध्ये स्प्रिंटसाठी प्रत्येकाची रोजची क्षमता तासांत भरण्याची सोय आहे. रजेचे दिवस भरता येतात आणि उरलेले काम क्षमतेच्या आत असेपर्यंत त्या नावापुढची पट्टी हिरवी राहते; काम वर गेले की लाल होते. सोय उत्तम आहे, पण ती भरलेल्या आकड्यावर चालते. अनेक टीम सगळ्यांसाठी सरसकट रोजचे सहा तास भरून मोकळ्या होतात. या अभियंत्यासाठी तसे भरले तर आठ दिवसांची क्षमता ४८ तास होते, नोंदलेले काम ४१ तास, आणि पट्टी हिरवी राहते. प्रत्यक्षात ती जवळजवळ दीडपट ओझ्याखाली असते.

त्याच पद्धतीने नवख्या अभियंत्याचा हिशेब केला की चित्र उलटते. त्याची चौदा टिकेटे म्हणजे पडद्यावरचे मजकूर बदलणे, रकाने जुळवणे अशी बारीक कामे. सगळी मिळून २२ तास. त्याच्याकडे ना मुलाखती, ना रात्रीचे फोन, त्यामुळे क्षमता ५० तासांची. भार निम्म्याहूनही कमी. बाकी तिघांकडे ४५, ४८ आणि ४२ तासांची क्षमता आहे आणि त्यांची कामे अनुक्रमे ४०, ४२ आणि ४० तासांची. संपूर्ण टीमची बेरीज केली तर क्षमता २१५ तास, काम १८७ तास. व्यवस्थापकाच्या अहवालात टीम ८७ टक्के भरलेली दिसते आणि ती तशी खरेच आहे. पण तास एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात आपोआप जात नाहीत. नवख्याकडे शिल्लक असलेले २८ तास बँकेची पोच घेण्याच्या कामाला उपयोगी नाहीत, कारण ते काम त्याला येत नाही. म्हणून हा हिशेब टीमच्या बेरजेवर थांबवायचा नसतो. तो नावागणिक करायचा असतो.

वजाबाकीने काढलेल्या क्षमतेवरही पूर्ण विसंबता येत नाही. रोज तासभर फोन, पाऊण तास तपासणी हे शेवटी अंदाजच आहेत. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना पूर्वीच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता हे बाजूला ठेवतो आणि समोरचे काम सुरळीत पार पडेल असे धरून चालतो. अनुभवी माणूसही याला अपवाद नाही. यावर उपाय म्हणजे मागचा हिशेब पाहणे. गेल्या चार स्प्रिंटमध्ये या अभियंत्याने पूर्ण केलेल्या टिकेटांचे मूळ अंदाज किती तासांचे होते? समजा २६, ३१, २४ आणि २७. सरासरी २७ तास. हजर दिवस साधारण तेवढेच असतील तर तिची चाललेली क्षमता २७ तास आहे. वजाबाकीने ३० आले होते. दोन्हींत जो आकडा लहान, तो धरायचा. तसे केले की भागाकार १.५९ होतो.

इथे एक बारकावा आहे. तिचे अंदाज नेहमी कमी पडतात म्हणून ४३ तासांच्या मागणीत आणखी वीस-तीस टक्के मिळवावेत असा मोह होतो. क्षमता मागच्या पूर्ण झालेल्या अंदाजांवरून काढली असेल तर तसे करू नये. तिच्या अंदाजांतली तूट त्या २७ तासांत आधीच उतरलेली आहे. पुन्हा मिळवली तर एकाच चुकीची दुप्पट भरपाई होते. क्षमता घड्याळाच्या तासांत काढली असेल, तेव्हाच मागणी वाढवून धरणे योग्य.

भागाकार १ च्या वर गेला की भार जास्त, हे उघड आहे. पण त्रास १ च्या बराच आधी सुरू होतो. याचे गणित टेलिफोनच्या काळापासूनचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा डॅनिश गणिती ॲग्नर एर्लांग याने १९०९ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. या शास्त्रातला सर्वांत साधा नमुना असा: कामे अनियमितपणे येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त होतो आणि ती करणारा एकच असतो. तो ५० टक्के व्यग्र असेल तर नव्या कामाला हात लागेपर्यंत सरासरी एका कामाच्या वेळेइतके थांबावे लागते. ८० टक्के व्यग्र असेल तर चार कामांइतके. ९० टक्क्यांना नऊ, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस कामांइतके. एसटीच्या आरक्षण खिडकीवर शनिवारी सकाळी जे होते तेच इथे होते: कारकुनाचा वेग तोच असतो, माणसे थोडीच जास्त असतात, आणि रांग मात्र फाटकाबाहेर जाते.

टीममधली कामे या नमुन्याइतकी बेभरवशाची नसतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. वळण मात्र तेच राहते: ८० टक्क्यांपर्यंत सौम्य, ९० नंतर उभे. म्हणून ज्याच्याकडे अचानक कामे येतात त्याच्यासाठी इशाऱ्याची रेघ ८० ते ८५ टक्क्यांवर मारावी. ज्याची कामे आधीच ठरलेली असतात आणि मध्ये कुणी येत नाही, त्याला ९५ टक्केही चालून जातात. वरच्या टीममधला ४२ तासांत ४० तासांचे काम असलेला सदस्य असाच आहे. तो एकटाच चाचण्यांची स्क्रिप्ट लिहितो, त्याला फोन येत नाहीत. तोच भागाकार बॅकएंडच्या अभियंत्याचा असता तर काळजी करावी लागली असती.

प्रत्येक टीम तासांचे अंदाज लिहीत नाही. कित्येक ठिकाणी अंदाज स्टोरी पॉइंटमध्ये असतात, काही ठिकाणी मुळीच नसतात. पॉइंट हे संपूर्ण टीमच्या अंदाजाचे माप आहे. ते एकेका माणसावर वाटून तास काढायला गेले तर दिशाभूल होते. अशा वेळी जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम कामाला येतो. एखाद्याकडे सरासरी जितकी कामे उघडी असतात, त्यांना तो ज्या वेगाने कामे संपवतो त्या वेगाने भागले, की एक काम त्याच्याकडे सरासरी किती काळ राहते ते मिळते. बॅकएंडच्या अभियंत्याकडे नऊ टिकेटे आहेत आणि ती स्प्रिंटमागे सरासरी साडेचार संपवते. म्हणजे तिच्याकडे दिलेले टिकेट सरासरी दोन स्प्रिंट, चार आठवडे तिच्याकडे राहणार. तिला आज दिलेले साधे काम येत्या शुक्रवारी मिळेल असे ग्राहकाला कळवले गेले असेल, तर ते आश्वासन कशाला तरी मागे ढकलूनच पाळता येईल. नवखा चौदा टिकेटांपैकी बारा एका स्प्रिंटमध्ये संपवतो. त्याच्याकडे टिकेट जेमतेम अडीच आठवडे राहते. तास न मोजताही दोघांमधला फरक दिसतो. अट एवढीच की येणाऱ्या आणि संपणाऱ्या कामांचा वेग काही आठवडे साधारण स्थिर असावा. नव्या प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात हा नियम लावण्यात अर्थ नाही.

मागणीचा आकडा बोर्डवरून घेताना काही खड्डे टाळावे लागतात. पहिला खड्डा दुहेरी मोजणीचा. मोठ्या टिकेटाखाली छोटी उपटिकेटे असतात. दोन्हींवर तास लिहिलेले असतील आणि दोन्ही मोजली गेली तर माणूस उगाच भारलेला दिसतो. दुसरा नावापुरत्या टिकेटांचा. काम चाचणीत गेले, नाव मात्र बनवणाऱ्याचेच राहिले. किंवा कुणाचेच नाव नसेल तेव्हा प्रणाली आपोआप लीडचे नाव घालते. अशा लीडच्या नावावर चाळीस टिकेटे दिसतात आणि त्यातली पाचच त्याची असतात. तिसरा खड्डा उलटा आहे आणि जास्त धोक्याचा: एकाच माणसाला दोन प्रकल्पांत अर्धे-अर्धे वाटलेले असते. प्रत्येक प्रकल्पाच्या बोर्डवर तो आटोक्यात दिसतो, कारण दोन्ही लीड आपापल्या अर्ध्याचा हिशेब करतात. पण बैठका अर्ध्या होत नाहीत, दोन्हींकडच्या पूर्ण भरतात. शिवाय एका कामातून दुसऱ्यात डोके घालायला वेळ जातो. जेराल्ड वाइनबर्ग या सॉफ्टवेअर लेखकाने प्रत्येक वाढीव प्रकल्पामागे सुमारे वीस टक्के वेळ वाया जातो असा ठोकताळा दिला होता. ते मोजमाप नव्हे, अनुभवाचा अंदाज आहे. तरी शून्य धरण्यापेक्षा तो बरा.

म्हणून यादी काढताना ती प्रकल्पाप्रमाणे न काढता माणसाप्रमाणे काढावी. जिरामध्ये शोधाची ओळ अशी लिहिता येते. त्यात प्रकल्पाचे नाव मुद्दाम घातलेले नाही आणि गटाचे नाव आपल्या टीमप्रमाणे बदलायचे:

```
assignee in membersOf("backend-team")
AND statusCategory != Done
ORDER BY assignee, updated ASC
```

यातून प्रत्येकाची न संपलेली टिकेटे मिळतात आणि प्रत्येकाच्या यादीत सर्वांत जास्त काळ हात न लागलेले टिकेट वर येते. उरलेल्या तासांचा रकाना जोडून यादी एक्सेलमध्ये नेली की बेरीज पाच मिनिटांची. दोन आठवडे कुणी शिवलेही नाही अशी टिकेटे वेगळी पाहायची असतील तर ORDER BY च्या आधी `AND updated <= -14d` एवढे जोडावे. ही जुनी टिकेटे भार किती ते सांगत नाहीत, पण माणूस काय मागे टाकतो आहे ते दाखवतात.

बोर्डवर अजिबात न दिसणारा भाग शोधायला माणसाशी बोलावेच लागते, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘काम जास्त होतंय का?’ असे चारचौघांत विचारले तर उत्तर ‘नाही, जमेल’ असेच येते. हुशार आणि जबाबदार माणसाकडून तर नक्कीच. त्याऐवजी ‘काल दिवसभरात कायकाय केलंत, आणि त्यातल्या कशाचं टिकेट नव्हतं?’ असे विचारले की माहिती मिळते. दुसरी बाजू इतरांच्या टिकेटांत सापडते. तिघांची कामे तपासणीसाठी अडून असतील आणि तिन्ही ठिकाणी एकाच नावाची वाट पाहिली जात असेल, तर तिचे ओझे इतरांच्या नावावर नोंदले गेले आहे. कोड पाठवल्याच्या वेळा रात्री साडेअकराच्या असणे हीदेखील एक खूण आहे, पण ती जपून वापरावी. घरी लहान मूल असलेली व्यक्ती संध्याकाळी थांबून रात्री बसत असेल तर तो भाराचा पुरावा होत नाही.

हिशेब स्प्रिंटच्या आखणीच्या दिवशी एकदा करून भागत नाही. मध्यावर तो पुन्हा करावा लागतो, आणि त्या वेळी दोन्ही आकडे उरलेल्या दिवसांचे घ्यायचे. समजा वाटप तसेच ठेवले. चार दिवसांनंतर या अभियंत्याचे ३४ तासांचे काम उरले आहे, कारण मध्ये चालू प्रणालीत मोठा बिघाड झाला आणि साडेतेरा तासांऐवजी नऊच तास टिकेटांवर गेले. क्षमता साडेतेरा तासांची उरली आहे. भागाकार १.५९ वरून २.५ वर गेला. कामाच्या टक्केवारीने पाहिले तर ती ‘२१ टक्के पूर्ण’ एवढेच दिसते आणि त्यातून काही उमगत नाही. आखणीच्या दिवशी आणि मध्यावर काढलेला भागाकार शेजारी ठेवला की वाढ लगेच कळते. तो वाढत असेल तर आठवड्याच्या शेवटी तरी भरून निघेल ही आशा सोडावी.

आखणीच्या दिवशीच हे लक्षात आले तर काय करता येते ते याच उदाहरणावर पाहू. अहवाल सुधारण्याचे आणि दोन बगचे काम, मिळून ११ तासांचे, नवख्याला देता येते. जोडणीची आवृत्ती बदलण्याचे १० तासांचे काम पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलता येते. त्याची तारीख ग्राहकाने दिलेली नाही. ४३ मधून २१ गेले, २२ राहिले. २७ च्या क्षमतेत हे ८१ टक्के, म्हणजे रेघेच्या आत. पण हिशेब इथे संपत नाही. ते ११ तासांचे काम नवख्याला वीसेक तास घेईल; त्याचे २२ चे ४२ होतील, ५० मध्ये तेही बसते. आणि त्याला शिकवायला वरिष्ठ अभियंत्याचे तीन तास जातील. तिचे २२ चे २५ झाले, ९३ टक्के. वाटून दिलेले काम पुन्हा तिच्याच दारी थोडे परत आले. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या १९७५ च्या पुस्तकात उशिरा चाललेल्या प्रकल्पावर माणसे वाढवली की तो आणखी लांबतो असे म्हटले, त्यामागच्या कारणांत नव्या माणसाला तयार करण्याचा हा खर्चही होता. या टीमपुरता मार्ग सोपा आहे: दोन मुलाखती दुसऱ्या कुणाला द्याव्यात. तीन तास सुटतात, क्षमता ३० होते आणि भागाकार ८३ टक्क्यांवर येतो. टिकेटे हलवण्याइतकेच टिकेट नसलेले काम हलवणेही उपयोगी पडते, आणि त्याला शिकवणीचा खर्च बहुधा नसतो.

या आकड्याचा एक गैरवापर मात्र सर्रास होतो. कुणाचा भागाकार किती, हे वार्षिक मूल्यमापनात आणले की पुढच्याच स्प्रिंटपासून अंदाज फुगतात. आठ तासांचे काम बारा तासांचे लिहिले जाते आणि सगळेच भारलेले दिसू लागतात. मग खरा भारलेला माणूस त्यांत हरवतो. म्हणून हा तक्ता टीमच्या आखणीपुरताच ठेवावा आणि तो सगळ्यांना दिसावा, म्हणजे आकडे चुकीचे असतील तर ज्याचे त्याला दुरुस्त करता येतील.

सलग तीन-चार स्प्रिंट एकच नाव रेघेच्या वर राहत असेल, तर टिकेटे इकडची तिकडे करून ते खाली येत नाही. बहुधा तो भाग फक्त त्याच व्यक्तीला येत असतो आणि प्रत्येक काम फिरून तिच्याकडेच पोचते. अशा वेळी दुसऱ्या एकाला तो भाग शिकवण्यासाठी दोघांच्याही क्षमतेतून काही तास काही स्प्रिंट राखून ठेवावे लागतात, आणि तेवढा काळ टीमचे एकूण काम कमी होईल हे ग्राहकाला आधी सांगावे लागते.